ओटीपोटाचं जुनं दुखणं फॅमिली डॉक्टरला पत्रातून कसं सांगावं

‘डॉक्टर, पोटात दुखतंय’ एवढ्यावरून कोणालाच निदान करता येत नाही. बेंबीच्या खालच्या ज्या भागाला आपण ओटीपोट म्हणतो, तिथे मूत्राशय, गर्भाशय, दोन बीजकोश, मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग आणि या सगळ्यांना खालून तोलून धरणारे स्नायू दाटीवाटीने बसलेले असतात. त्यांच्या नसा मणक्यात जवळपास एकाच पट्ट्यात शिरतात. त्यामुळे आतड्याला कळ आली काय किंवा गर्भाशयाला आली काय, मेंदूपर्यंत पोहोचतं ते इतकंच, की खाली कुठेतरी दुखतंय. ‘कुठे दुखतं’ हा प्रश्न छातीच्या किंवा गुडघ्याच्या दुखण्यात जितका कामाचा असतो, तितका इथे नसतो. इथे कामाला येतो तो ‘कधी दुखतं’ हा प्रश्न. पाळीच्या आधी की पाळीत, लघवी तुंबल्यावर की करताना, शौचाला जाण्याआधी की जाऊन आल्यावर, संबंधाच्या वेळी की दुसऱ्या दिवशी.

नेमकं हेच ओपीडीत निसटतं. बाई दवाखान्यात येते ती दुखणं टोकाला गेलेल्या दिवशी. त्या दिवशी इंजेक्शन मिळतं, गोळ्या मिळतात, केसपेपरवर एक ओळ लिहिली जाते. दीड महिन्यानं ती पुन्हा येते तेव्हा कदाचित दुसरेच डॉक्टर बसलेले असतात आणि दुसरीच ओळ लिहिली जाते. एकदा ‘युरिन इन्फेक्शन’, एकदा ‘गॅसेस’, एकदा ‘अशक्तपणा’. प्रत्येक ओळ त्या दिवसापुरती बरोबर वाटते. त्या सगळ्या एका कागदावर तारखांसकट आल्या, तरच त्यांच्यातला धागा दिसतो. हा कागद रुग्णानं स्वतः लिहून आणायला काहीच हरकत नाही. उलट माझ्या मते तो तिनंच लिहावा, कारण पाळीच्या तारखा तिच्याशिवाय कोणाकडे नसतात.

खाली असं एक पत्र आहे. ते नमुन्यासाठी रचलेलं आहे, त्यातली बाई खरी नाही. पण तिची हकिगत कुठल्याही स्त्रीरोगतज्ज्ञाला ओळखीची वाटेल अशी आहे. पत्राचे तुकडे करून, प्रत्येक तुकड्यातून डॉक्टरला काय कळतं ते मधे मधे सांगतो.

> मा. डॉक्टर, स. न.
>
> माझं वय ३१, शाळेत शिक्षिका आहे. लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नाही. गेल्या वर्षभरापासून आम्ही प्रयत्न करतो आहोत. जून महिन्यापासून ओटीपोटात वारंवार दुखतं. दुखणं दर महिन्याला येतं, जातं आणि प्रत्येक वेळी थोडं जास्त दिवस राहतं. समोर बसल्यावर सगळं आठवत नाही आणि काही गोष्टी घरच्यांसमोर बोलता येत नाहीत, म्हणून लिहून आणलं आहे. मागचे रिपोर्ट सोबत जोडले आहेत.

एवढ्या चार ओळींत डॉक्टरला तीन महत्त्वाच्या गोष्टी मिळाल्या. दुखणं सहा महिन्यांहून जुनं आहे, म्हणजे ते ‘अचानक पोटात दुखणं’ या खात्यात बसत नाही. त्याला महिन्याचा फेरा आहे. आणि मूल हवं आहे. ही शेवटची गोष्ट पुढे उपचाराची सगळी दिशा ठरवते, म्हणून ती सुरुवातीलाच आली हे बरं झालं.

‘घरच्यांसमोर बोलता येत नाहीत’ हे वाक्यही वाया गेलेलं नाही. सासूबाई किंवा आई शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या असताना ‘संबंधाच्या वेळी दुखतं का’ असं विचारलं, तर उत्तर ‘नाही’ असंच येतं. जाणता डॉक्टर हे वाक्य वाचून तपासणीच्या निमित्तानं बरोबरच्या माणसाला दोन मिनिटं बाहेर बसायला सांगतो.

> पाळी तेराव्या वर्षी आली. पहिल्यापासून पहिले दोन दिवस दुखायचं. दहावी-बारावीत त्या दिवशी शाळा बुडायची. एक गोळी घेतली की थांबायचं. आई म्हणायची, आमचंही असंच होतं, मूल झालं की थांबतं.
>
> जून : पहिल्या दोन दिवसांचं दुखणं वाढलं. एका गोळीनं थांबेना, दिवसाला तीन लागल्या.
>
> ऑगस्ट : दुखणं पाळीच्या तीन दिवस आधी सुरू होऊ लागलं, ते पाळीच्या चौथ्या दिवसापर्यंत. कंबरेतून मांडीत कळ जाते. पाळीच्या दिवसांत शौचाला बसलं की शौचाच्या जागी आत सुरी खुपसल्यासारखं होतं. इतर दिवशी तसं होत नाही.

पाळीत दुखण्याचं एक सरळ कारण असतं. गर्भाशयाचं अस्तर सुटताना त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं निघतात, ती गर्भाशयाला घट्ट आवळायला लावतात, आवळलेल्या स्नायूला रक्त कमी पडतं आणि कळ येते. रक्तस्राव सुरू होण्याच्या सुमाराला ती सुरू होते, दोन-तीन दिवसांत ओसरते आणि नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांना दाद देते, कारण त्या गोळ्या हीच रसायनं तयार होऊ देत नाहीत. या बाईचं शाळकरी वयातलं दुखणं या साच्यात बसतं, निदान बसल्यासारखं दिसतं.

ऑगस्टमध्ये ते साच्याबाहेर पडलं. पाळी यायच्या तीन दिवस आधी दुखू लागलं, चौथ्या दिवसापर्यंत टिकलं, गोळी पुरेना आणि शौचाच्या वेळचं दुखणं नव्यानं आलं. त्यातही सगळ्यात मोलाचं वाक्य आहे ‘इतर दिवशी तसं होत नाही’. मूळव्याध असती किंवा शौचाच्या जागी चीर पडलेली असती, तर तिनं पाळीची तारीख पाहिली नसती. फक्त पाळीच्या दिवसांत शौचाला दुखतं, याचा अर्थ आतड्याच्या आसपास असं काहीतरी आहे जे पाळीच्या हार्मोनला उत्तर देतं.

या वर्णनावर डॉक्टरच्या मनात पहिलं नाव येतं ते एंडोमेट्रिओसिसचं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजतात. बीजकोशावर, पोटाच्या आतल्या पातळ पडद्यावर, गर्भाशय आणि मोठं आतडं यांच्यामधल्या खळग्यात. दर महिन्याच्या हार्मोनच्या चढउताराबरोबर त्या फुगतात, त्यांच्यातून थोडं रक्त झिरपतं, आजूबाजूला सूज येते. हे रक्त अंगावरून जायला वाट नसते. महिनोन्महिने असं होत राहिलं की तिथे व्रण पडतात आणि एकमेकांवरून घसरायला हवेत असे अवयव एकमेकांना चिकटतात. आतडं त्या खळग्यात चिकटलं असेल, तर शौचाच्या वेळी ते ओढलं जातं. सुरी खुपसल्यासारखं वाटतं ते त्यामुळे.

हा आजार दुर्मीळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पाळी येण्याच्या वयातल्या सुमारे १० टक्के मुली-बायकांना, म्हणजे जगभरात जवळपास १९ कोटी जणींना तो असतो. निदान व्हायला मात्र बहुतेकींची काही वर्षं जातात. ‘आमचंही असंच व्हायचं’ हे आईचं वाक्य त्या उशिराचा मोठा भाग असतं. आईचं खरंही असू शकतं, कारण आई किंवा बहिणीला हा आजार असेल तर तो असण्याची शक्यता वाढते. म्हणूनच पत्रात आईचं वाक्य आलं ते चांगलं झालं.

> सप्टेंबर : ओटीपोटात दुखणं आणि लघवीला जळजळ. युरिन इन्फेक्शन आहे असं सांगून पाच दिवस अँटिबायोटिक दिलं. बरं वाटलं. लघवीच्या रिपोर्टमध्ये पस सेल्स ४-५ आहेत. कल्चर केलं नव्हतं. पाळी ११ तारखेला आली होती, औषध १२ ते १६ घेतलं.
>
> ऑक्टोबर : पुन्हा तसंच. पाळी ९ तारखेला. दुसरं अँटिबायोटिक १० ते १४. पुन्हा बरं वाटलं.

इथे पत्र लिहिण्याचा खरा फायदा दिसतो. औषधाच्या तारखा आणि पाळीच्या तारखा शेजारी शेजारी ठेवल्याबरोबर एक गोष्ट डोळ्यांत भरते. औषध दोन्ही वेळा पाळीच्या दुसऱ्या दिवशी सुरू झालं आणि पाळी संपता संपता संपलं. बरं वाटलं ते औषधानं की पाळी संपली म्हणून? नुसत्या केसपेपरवरून ‘दोनदा इन्फेक्शन, दोनदा औषधाला प्रतिसाद’ असं वाचलं जातं आणि तिसऱ्या वेळी आणखी जोरदार अँटिबायोटिक लिहिलं जातं.

साध्या लघवी तपासणीत ४-५ पस सेल्स, म्हणजे पांढऱ्या पेशी, दिसणं हे सहसा निरोगी मर्यादेतच धरतात. शिवाय पाळीच्या दिवसांत घेतलेल्या नमुन्यात अंगावरून जाणारं रक्त आणि पेशी मिसळतात. इन्फेक्शन खरंच आहे का हे ठरवायला युरिन कल्चर लागतं. त्यात लघवीतले जंतू वाढवून पाहतात आणि त्यांना कुठलं औषध लागू पडतं तेही कळतं. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात आणि नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीच्या आधी द्यावा लागतो, मधली धार पकडून. गोळ्या सुरू झाल्यावर दिलेल्या नमुन्यात जंतू दिसले नाहीत, तरी त्यावर विसंबता येत नाही.

हीच तारखांची युक्ती उलटही चालते. समजा या बाईनं लिहिलं असतं की पाळीशी काही संबंध नाही, लघवी भरत आली की दुखणं वाढतं, करून आलं की उतरतं, दिवसातून पंधरा वेळा जावं लागतं आणि कल्चर दर वेळी स्वच्छ येतं, तर डॉक्टरचं लक्ष मूत्राशयाच्या वेदनादायक विकाराकडे गेलं असतं. आठवड्यातून एकदा तरी दुखतं, शौचाला जाऊन आलं की बरं वाटतं, कधी पातळ होते कधी खडा होतो, असं असतं तर आतड्याच्या आयबीएसकडे. ताप, अंगावरून घाण वासाचं पांढरं जाणं आणि दोन्ही बाजूंना दुखणं असं असतं तर गर्भनलिकांच्या जंतुसंसर्गाकडे, आणि तिथे अँटिबायोटिक लगेच द्यावं लागतं, थांबून चालत नाही. आजार एकाच जागेचे, पण घड्याळं वेगवेगळी. अडचण अशी, की एकाच बाईला यातले दोन एकत्रही असतात. एंडोमेट्रिओसिस असलेल्या बऱ्याच जणींना आयबीएससारखाही त्रास असतो. म्हणून एक नाव सापडलं की बाकीच्यांचा विचार सोडून द्यायचा नसतो.

> नोव्हेंबर : सोनोग्राफी केली, पाणी पिऊन, पोटावरून. रिपोर्ट नॉर्मल. त्यामुळे घरचे म्हणतात, काही नाही, टेन्शन घेतेस.
>
> डिसेंबर : पाळीच्या दोन आठवडे आधीही उजवीकडे दोन दिवस दुखलं. लिहायला संकोच वाटतो, पण संबंधाच्या वेळी आत खोल दुखतं, दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतं. हे जुलैपासून आहे. मूल हवं असूनही आम्ही टाळू लागलो आहोत.
>
> जानेवारी : आता महिन्यातले दहा-बारा दिवस दुखतं. या महिन्यात तीन रजा झाल्या. फळ्याजवळ उभी राहू शकत नाही, वर्ग खुर्चीत बसून घेते. गोळ्या महिन्याला चौदा-पंधरा. आता छातीत जळजळतं.

या पत्रात ‘असह्य’, ‘भयंकर’ असे शब्द नाहीत हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्याऐवजी ‘फळ्याजवळ उभी राहू शकत नाही’ आहे. डॉक्टरला याचा उपयोग जास्त होतो. असह्य प्रत्येकाचं वेगळं असतं, पण उभं राहून शिकवणारी बाई बसून शिकवू लागली हे मोजता येतं, आणि उपचारानंतर ती पुन्हा उभी राहिली की नाही हेही मोजता येतं. शून्य ते दहामध्ये आकडा द्यायलाही हरकत नाही. पण आकड्याशेजारी त्या दिवशी काय करता आलं नाही ते लिहावं.

खोल दुखणाऱ्या संबंधाची ओळ बरीच उशिरा, संकोचानं आली आहे. निदानाच्या दृष्टीनं ती पहिल्या तीनांत येते. दुखणं योनीच्या तोंडाशी असतं तेव्हा कारणं वेगळी असतात, म्हणजे कोरडेपणा, संसर्ग, स्नायू आवळून धरणं. खोल दुखणं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत रेंगाळणं हे गर्भाशयामागच्या त्या खळग्याकडे बोट दाखवतं. पाळीत दुखणं, पाळीतच शौचाला दुखणं, संबंधात खोल दुखणं आणि मूल राहायला उशीर या चार गोष्टी एका बाईत एकत्र आल्या, तर सोनोग्राफी नॉर्मल असली तरी एंडोमेट्रिओसिस बाजूला सारता येत नाही.

सोनोग्राफीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ‘रिपोर्ट नॉर्मल’ या शब्दांनी अनेकींचा प्रवास तिथेच थांबतो. पोटावरून केलेली सोनोग्राफी गर्भाशयाचा आकार, गाठी, बीजकोशातली मोठी सिस्ट दाखवते. बीजकोशात जुनं रक्त साठून झालेली सिस्ट असते, तिला आतल्या रंगामुळे चॉकलेट सिस्ट म्हणतात. ती बहुतेक वेळा दिसते, योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत तर अधिक स्पष्ट. पण पोटाच्या पडद्यावर काही मिलीमीटरचे डाग असतील, तर ते कुठल्याही सोनोग्राफीत दिसत नाहीत. खोलवर, आतड्याजवळ रुजलेला आजार योनीमार्गातून सोनोग्राफी करणाऱ्या, या कामाचा सराव असलेल्या डॉक्टरला किंवा एमआरआयमध्ये दिसू शकतो. तेव्हा रिपोर्ट नॉर्मल याचा अर्थ इतकाच, की त्या तपासणीला जे दिसू शकतं ते तिथे नाही.

आणखी एक रक्ततपासणी अशा वेळी बरेचदा लिहिली जाते, सीए-१२५. ती एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढू शकते, पण साध्या पाळीत, फायब्रॉइडमध्ये, पोटाच्या टीबीमध्येही वाढते आणि आजार असूनही नॉर्मल येऊ शकते. निदानासाठी तिच्यावर विसंबू नये. ही तपासणी बीजकोशाच्या कर्करोगासाठीही वापरतात. पाळीच्या दिवसांत केलेला, किंचित वाढलेला आकडा इंटरनेटवर शोधून रात्रभर जागणाऱ्या बायका कमी नाहीत.

पूर्वी पोटात दुर्बीण घालून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय निदान पक्कं मानत नसत. युरोपातल्या वंध्यत्व आणि प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत ही अट सैल केली. लक्षणं जुळत असतील, तर तपासण्या नॉर्मल असल्या तरी दुर्बिणीची वाट न बघता औषध सुरू करून बघता येतं. फॅमिली डॉक्टरच्या दृष्टीनं हा बदल मोठा आहे, कारण त्यामुळे नीट लिहिलेल्या हकिगतीचं वजन वाढलं.

पत्राचा शेवट प्रश्नांनी होतो.

> माझे प्रश्न :
> सोनोग्राफी नॉर्मल असतानाही एंडोमेट्रिओसिस असू शकतं का, आणि आता स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवाल का?
> पुन्हा लघवीला जळजळ झाली, तर अँटिबायोटिकच्या आधी कल्चर करू या का?
> आम्हाला मूल हवं आहे. दुखण्याचं औषध आणि मुलाचा प्रयत्न एकत्र चालेल का, की आधी एक मग दुसरं?
> वेदनाशामक गोळ्या किती आणि कशा घ्याव्यात?
> काय झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दवाखान्यात यावं?

प्रश्न थोडे आहेत आणि प्रत्येकाच्या उत्तरावर काहीतरी ठरणार आहे. ‘मला काय झालंय?’ असा प्रश्न लिहिला तर डॉक्टरही ‘बघू या’ म्हणतो.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. एंडोमेट्रिओसिसवरची बहुतेक औषधं हार्मोनची असतात. गर्भनिरोधक गोळ्या, डायनोजेस्ट, गर्भाशयात बसवायची हार्मोनची तांबी किंवा पाळीच बंद ठेवणारी इंजेक्शनं. ती दुखणं कमी करतात, पण ती चालू असताना गर्भ राहत नाही किंवा राहू द्यायचा नसतो, आणि ती थांबवल्यावर गर्भ राहण्याची शक्यता त्यांच्यामुळे वाढत नाही. म्हणजे ‘आधी सहा महिने गोळ्या घे, मग मुलाचं बघू’ या सल्ल्यानं दुखणं थांबेल, पण मुलाच्या बाबतीत ते सहा महिने निव्वळ गेले असं धरावं. मूल लगेच हवं असणाऱ्या बाईसाठी वेगळा रस्ता असतो. पाळीपुरत्या वेदनाशामक गोळ्या, वंध्यत्वाच्या तपासण्या आणि गरज पडली तर दुर्बिणीतून ऑपरेशन करून डाग काढणं. आजार थोडा असेल तर अशा ऑपरेशननंतर नैसर्गिक गर्भधारणेची शक्यता वाढू शकते. बीजकोशावरच्या सिस्टचं ऑपरेशन मात्र जपून ठरवावं लागतं, कारण सिस्टबरोबर चांगल्या बीजांचा साठाही थोडा जातो.

वर्षभर प्रयत्न करून गर्भ राहिला नाही की दोघांच्याही तपासण्या सुरू करायच्या असतात, आणि बाईचं वय ३५च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच. दोघांच्याही हे मुद्दाम लिहितो. नवऱ्याच्या वीर्याची तपासणी स्वस्त आणि बिनत्रासाची असते, तरी आपल्याकडे ती बायकोच्या सगळ्या तपासण्या झाल्यावर होते. या पत्रात नवऱ्याच्या तपासणीचा उल्लेख नाही. चांगला डॉक्टर ती पहिल्याच भेटीत लिहून देईल. तो हेही विचारेल की घरात कोणाला टीबी झाला होता का. आपल्या देशात गर्भनलिका आणि गर्भाशयाच्या अस्तराचा टीबी हे मूल न राहण्याचं एक खरंखुरं कारण आहे. त्यात ओटीपोट दुखतं, पाळी कधी अगदी कमी होते, आणि खोकला बरेचदा नसतो. संशय असेल तर अस्तराचा तुकडा तपासायला पाठवतात.

गोळ्यांबद्दल. मेफेनॅमिक अॅसिडसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होण्याआधी पोटात गेल्या तर जास्त काम करतात. सहन होईना झाल्यावर एकदम दोन घेण्यापेक्षा दुखणं सुरू होतानाच, जेवणानंतर, डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतरानं दोन-तीन दिवस घेणं चांगलं. महिन्याला चौदा-पंधरा गोळ्या आणि छातीत जळजळ ही आमाशयाच्या आतल्या अस्तराची तक्रार आहे, ती दुखण्याइतकीच गांभीर्यानं घ्यावी लागते. शिवाय या जातीच्या गोळ्या पाळीच्या मधल्या काळात, बीज सुटण्याच्या सुमाराला, रोज घेतल्या तर बीज बाहेर पडायला अडथळा येऊ शकतो. मूल हवं असणाऱ्या बाईनं डिसेंबरसारख्या मधल्या दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालेल का ते विचारावं. २०२३च्या अखेरीस इंडियन फार्माकोपिया कमिशननं मेफेनॅमिक अॅसिडमुळे क्वचित होणाऱ्या एका गंभीर अॅलर्जीबद्दल इशाराही दिला होता. गोळ्या घेत असताना किंवा त्यानंतरच्या काही आठवड्यांत ताप आणि अंगभर पुरळ आलं, तर गोळी बंद करून लगेच डॉक्टरला दाखवायचं.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरकडून कागदावर लिहून घ्यावं. पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखू लागलं, चक्कर आली, खांद्याच्या टोकाला दुखलं, तर गर्भ नलिकेत राहून नलिका फुटलेली असू शकते. घरची गर्भतपासणीची पट्टी आणण्यातही वेळ घालवू नये. अचानक एका बाजूला कळ आणि त्याबरोबर उलट्या असतील, तर बीजकोशाला पीळ बसलेला असू शकतो आणि तो काही तासांत सोडवला तर बीजकोश वाचतो. थंडी वाजून ताप, घाण वासाचा स्राव आणि ओटीपोट दुखणं असेल तर त्याच दिवशी. संबंधानंतर रक्त जाणं, शौचातून रक्त जाणं किंवा कारण नसताना वजन उतरणं यांत रात्री धावपळ करायची गरज नसते, पण आठवडा उलटू देऊ नये. जुनं दुखणं असलेल्या बाईचा धोका हा, की नवं दुखणंही तिला आणि घरच्यांना जुनंच वाटतं. ‘हे नेहमीसारखं नाही’ असं वाटलं, तर फोनवर पहिलं वाक्य तेच बोलावं.

हे पत्र वाचून डॉक्टर साधारणपणे गर्भतपासणी, हिमोग्लोबिन, युरिन कल्चर सांगेल, पोट आणि शक्य असेल तर आतून तपासेल, आणि स्त्रीरोगतज्ज्ञाला चिठ्ठी देईल. पोट तपासताना तो दुखऱ्या जागी बोट ठेवून मान उचलायला सांगेल. मान उचलल्यावर दुखणं वाढलं तर ते पोटाच्या भिंतीतल्या स्नायूचं किंवा नसेचं असण्याची शक्यता जास्त, आतल्या अवयवाचं असेल तर ताणलेल्या स्नायूंच्या आड ते बहुधा कमी होतं. सिझेरियन झालेल्या बाईला टाक्यांच्या जागी गाठ लागत असेल आणि ती पाळीत दुखत असेल, तर तेही पत्रात लिहावं, कारण तिथेही हेच अस्तर रुजलेलं असू शकतं.

अविवाहित मुलींच्या बाबतीत योनीमार्गातली सोनोग्राफी आपल्याकडे सहसा करत नाहीत. तिथे एमआरआय हा पर्याय विचारता येतो. पण तपासणी करता येत नाही म्हणून हकिगतच विचारायची नाही, हे बरोबर नव्हे. दर महिन्याला शाळा बुडवणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीची आई असंच पत्र लिहू शकते, फक्त मुलीशी बोलून.

उपचार सुरू झाल्यावर कॅलेंडरवर तीनच खुणा पुरतात. दुखण्याचे दिवस, घेतलेल्या गोळ्या आणि पाळीची तारीख. हार्मोनचं औषध दिलं असेल तर साधारण तीन महिन्यांनी त्याचा हिशोब करतात. दहा-बारा दिवसांचे तीन-चार झाले तर औषध चालू राहतं. काहीच फरक पडला नाही, तर औषध बदलतात, दुर्बिणीचा विचार करतात किंवा ओटीपोटाच्या स्नायूंच्या फिजिओथेरपीकडे वळतात, कारण महिनोन्महिने दुखल्यावर हे स्नायू सतत आवळलेले राहतात आणि मूळ डाग काढल्यावरही स्वतःचं दुखणं चालू ठेवतात. एक गोष्ट तेव्हाही ध्यानात ठेवावी. डाग किती आहेत आणि दुखतं किती, यांचं प्रमाण जुळत नाही. दुर्बिणीतून थोडेच डाग निघाले म्हणून कोणी ‘एवढ्यासाठी एवढं?’ म्हणालं, तर त्याला वैद्यकीय आधार नाही. दुसऱ्या भेटीला नवं पत्र लिहायची गरज नसते, त्या तीन महिन्यांचं कॅलेंडर नेलं की झालं.